हे पाच हजार कोणी पाठवले?

तालुक्याच्या गावातली एक नागरी सहकारी बँक आहे असे समजू. पाच शाखा, काही हजार खातेदार आणि आता ग्राहकांच्या आग्रहामुळे स्वतःचे मोबाइल ॲप. ॲपवर कामे तीनच होतात: शिल्लक पाहायची, पासबुकातल्या नोंदी पाहायच्या आणि याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचे. यूपीआय अजून नाही. ॲप बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेले आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी तरी विचारतो, "हे सुरक्षित आहे ना?" कंपनीचा माणूस सांगतो, "सगळे एन्क्रिप्टेड आहे, साहेब." बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

त्या उत्तरात खोटे काही नाही, पण ते एकाच धोक्याचे उत्तर आहे. वाटेत कोणी निरोप वाचू नये म्हणून एन्क्रिप्शन. निरोप पाठवणाराच लबाड असेल तर त्याचा लबाड निरोपही तितक्याच सुरक्षितपणे बँकेत पोहोचतो. उरलेले धोके पद्धतशीर शोधण्याच्या कामाला थ्रेट मॉडेलिंग म्हणतात आणि त्यासाठीची एक जुनी, आजही वापरात असलेली पद्धत म्हणजे स्ट्राइड. मायक्रोसॉफ्टमध्ये लॉरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी १९९९ साली ती मांडली. धोक्यांचे सहा प्रकार, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर तोतयेगिरी, फेरफार, केलेले नाकबूल करणे, माहिती फुटणे, सेवा ठप्प होणे आणि नसलेले अधिकार बळकावणे.

मात्र हे सहा प्रश्न हवेत विचारून उपयोग नसतो. आधी चित्र काढावे लागते. कागद-पेन्सिल पुरते. ग्राहक आणि एसएमएस पाठवणारी कंपनी यांचे चौकोन, कारण ती आपल्या ताब्याबाहेरची माणसे. ॲप आणि बँकेचा सर्व्हर ही वर्तुळे, कारण तिथे काम होते. खात्यांचा डेटाबेस आणि व्यवहारांचा लॉग यांच्यासाठी दोन-दोन समांतर रेषा. माहिती जिथून जिथे जाते तिथे बाण. मग तुटक रेषेने विश्वासाची हद्द आखायची: अलीकडचे सांगतात त्यावर पलीकडच्याने डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, अशी रेषा.

पहिली तुटक रेषा ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये येते, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. ॲप बँकेने बनवले, म्हणजे ते बँकेचे, असे वाटते. पण ते चालते परक्याच्या फोनवर. ते उघडून पाहता येते, बदलता येते. इतकेच काय, ॲप बाजूला ठेवून संगणकावरून तसाच संदेश थेट सर्व्हरकडे धाडता येतो. म्हणून स्क्रीनवर लपवलेले बटण किंवा ॲपने तपासलेली मर्यादा ही केवळ ग्राहकाची सोय. सुरक्षितता म्हणून तिची किंमत शून्य.

आता या रेषेवरून जाणारा एकच बाण घेऊ. ग्राहक पाच हजार रुपये पाठवतो तेव्हा कंपनीच्या पहिल्या आराखड्यात सर्व्हरला जाणारा संदेश असा आहे:

```
POST /v1/transfer
{"from": "100423", "to": "100871",
 "amount": 5000, "otp": "482913"}
```

"from" हे खाते कोणी सांगितले? फोनने. आपल्या नावाने लॉगिन करून कोणी तिथे दुसऱ्याच्या खात्याचा नंबर घातला तर? सर्व्हर फक्त "हा माणूस लॉगिन झालेला आहे" एवढेच पाहत असेल, तर लॉगिन खरे, माणूस खरा आणि पैसे शेजाऱ्याच्या खात्यातले. हे अधिकार बळकावणे झाले. पासबुक दाखवणाऱ्या संदेशात हीच चूक असेल तर माहिती फुटते. उपाय सोपा आहे: प्रत्येक वेळी सर्व्हरने खात्याचा मालक कोण ते स्वतःच्या डेटाबेसमधून काढायचे आणि लॉगिन केलेल्या ग्राहकाशी जुळवायचे. तपासणेही अवघड नाही. चाचणीच्या सर्व्हरवर दोन खाती उघडायची, पहिल्याच्या लॉगिनने दुसऱ्याचा नंबर घालून संदेश पाठवायचा. नकार आला पाहिजे. लहान ॲपमध्ये सगळ्यात आधी मी हेच करून पाहीन, कारण ही चूक फार सहज होते आणि ॲप नेहमीसारखे वापरणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

"amount" मध्ये उणे पाच हजार लिहिले तर? खात्यात रक्कम पुरेशी आहे का, एवढाच सर्व्हरचा प्रश्न असेल तर उणे संख्या त्यात सहज पास होते. मग पाठवणाऱ्याच्या खात्यातून उणे पाच हजार वजा होतात, म्हणजे पाच हजार जमा होतात, आणि समोरच्याच्या खात्यातून तेवढेच जातात. हा फेरफार एका ओळीच्या तपासणीने बंद होतो, पण ती ओळ लिहायची आठवण कोणाला तरी व्हावी लागते.

सगळ्यात खोल प्रश्न ओटीपीचा. चार आकडी ओटीपी म्हणजे दहा हजार शक्यता. सेकंदाला दहा प्रयत्न करणारा साधा प्रोग्राम त्या १,००० सेकंदांत, म्हणजे साधारण सतरा मिनिटांत संपवतो. सहा आकडी म्हणजे दहा लाख शक्यता. ओटीपीची मुदत पाच मिनिटे धरली तर त्याच वेगाने ३,००० प्रयत्न होतात, म्हणजे हजारात तीन इतकी संधी. कमी वाटते, पण नवा ओटीपी मागवून हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळता येत असेल तर कमी नाही. म्हणून तीन चुकांनंतर तो व्यवहारच रद्द करायचा. चुकांची मोजणी सर्व्हरवर व्हायला हवी, आणि "पुन्हा पाठवा" दाबल्यावर ती शून्यावर येता कामा नये. आराखडा वाचताना या शेवटच्या अटीकडे हमखास दुर्लक्ष होते.

दुसरी गोम अशी की वरच्या संदेशात ओटीपी आणि रक्कम एकत्र आले असले तरी ते एकमेकांना बांधलेले नाहीत. ग्राहकाच्या फोनमध्ये शिरलेला घातक प्रोग्राम ओटीपी टाकून झाल्यावर "to" बदलू शकतो. यावर संदेशाचेच दोन तुकडे करायचे. पहिल्यात कोणाकडून, कोणाला, किती ते जाते. सर्व्हर ते लिहून ठेवतो, एक व्यवहार क्रमांक देतो आणि ओटीपी त्या क्रमांकालाच जोडतो. दुसऱ्या संदेशात फक्त क्रमांक आणि ओटीपी. बदलायला काही उरतच नाही. एसएमएसमध्येही रक्कम आणि घेणाऱ्या खात्याचे शेवटचे चार आकडे यायला हवेत. फेरफार आधीच झाला असेल तर तो माणसाच्या डोळ्यांना दिसण्याची ती शेवटची जागा.

एका प्रकाराचा उपाय दुसऱ्या प्रकाराचा धोका होऊन बसतो, हेही चित्रावर लगेच कळते. लॉगिनचा पिन तीनदा चुकला की खाते कायमचे बंद, असा नियम केला की तोतया अडतो. पण ज्याला तुमचा ग्राहक क्रमांक माहीत आहे असा कोणीही, मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकून तुम्हाला ऐन पगाराच्या दिवशी ॲपबाहेर काढू शकतो. सेवा ठप्प. त्यापेक्षा प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेणे आणि ग्राहकाच्या नोंदवलेल्या फोनसाठी वेगळी मोजणी ठेवणे बरे.

नाकबुलीचा प्रश्न लोक घाईत उरकतात. बँकेला तो परवडत नाही. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात म्हटले, आणि त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तो नियम लागू केला. म्हणजे "हे पाच हजार मी पाठवलेच नाहीत" असे खातेदार म्हणाला तर लॉग बोलला पाहिजे: कोणत्या फोनवरून लॉगिन झाले, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, केव्हा गेला, केव्हा परत आला. ओटीपी किंवा पिन मात्र लॉगमध्ये लिहायचा नाही, नाहीतर पुरावाच गळती होतो. आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला हा लॉग पुसता येता कामा नये.

आतल्या रेषाही तुटक असाव्या लागतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमच्या मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याऐवजी एका बनावट स्विचकडे गेल्या आणि त्यानेच त्यांना होकार दिला. अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हाँगकाँगला पाठवलेल्या रकमेसह फटका सुमारे ९४ कोटींचा. तिथे तोतया झाला तो ग्राहकाचा नव्हे, यंत्राचा. आपल्या छोट्या चित्रातही सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यातल्या बाणाला विचारायलाच हवे: समोरचा तोच कशावरून?

आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की कंपनीने काढलेल्या चित्रात शाखाच नाही. काउंटरवरचा लिपिक त्याच डेटाबेसमध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर बदलतो. माझ्या मते या बँकेचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. वर्षानुवर्षे न हललेले एखाद्या वृद्ध खातेदाराचे खाते शोधायचे, नंबर बदलायचा, ॲप नव्याने चालू करायचे. यापुढचा प्रत्येक ओटीपी नियमाप्रमाणे, सहा आकडी, एन्क्रिप्टेड वाटेने, चोराच्याच फोनवर येतो. बाकीची सारी मेहनत त्याच्याच दिमतीला. इथे मेकर-चेकर हवा: एकाने बदल टाकायचा, दुसऱ्याने कागदपत्रे पाहून मंजूर करायचा, आणि दोघांचे लॉगिन खरोखर वेगळे. लहान शाखेत अधिकाऱ्याचा पासवर्ड काउंटरवर सर्वांना पाठ असतो, तेव्हा हा उपाय कागदावरच राहतो. म्हणून जोडीला जुन्या नंबरवर सूचना आणि नंबर बदलल्यापासून २४ तास पैसे पाठवण्यावर बंदी. खरा ग्राहक कुरकुर करील, पण जुना नंबर ज्याच्या हातात आहे त्याला ओरडायला एक दिवस मिळतो.

हे सारे एका तक्त्यात येते: कोणता बाण, सहापैकी कोणता प्रकार, नेमके काय घडू शकते, उपाय, तो कोण करणार. कोणता धोका आधी, हे स्ट्राइड सांगत नाही. ते बँकेने किती पैसे जातील आणि किती सहज जातील यावरून ठरवायचे. काही रकान्यांत "धोका पत्करला" असेही लिहावे लागते, मात्र खाली व्यवस्थापकाची सही हवी. फोनवर गोड बोलणाऱ्याला ग्राहकाने स्वतःच ओटीपी वाचून दाखवला, तर ती तोतयेगिरी तक्त्यात लिहिता येते, पण पूर्ण थांबवता येत नाही. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी कमी रकमेची मर्यादा घालून नुकसान आवरता येते, एवढेच.

पुढच्या बैठकीत कोणी तरी म्हणेलच, "आता यूपीआय कधी?" त्या दिवशी कागदावर एक नवा चौकोन आणि दोन नवे बाण येतील, आणि त्या दोन बाणांपुरते सहाही प्रश्न पुन्हा विचारावे लागतील.