धुतलेल्या कपड्यांवर काळे कण येतायत? मशीनच्या आतला थर असा काढा

पांढरा शर्ट मशीनमधून काढून दोरीवर टाकला की त्यावर काळपट, ओलसर पापुद्रे चिकटलेले दिसतात. झटकले तर पडत नाहीत, बोटानं पुसायला गेलं तर काळी रेघ ओढली जाते. टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायची मशीन दोन-तीन वर्षं वापरात असली की बऱ्याच घरांत ही तक्रार सुरू होते. मग कुणी पावडर बदलतं, कुणी पाण्याला दोष देतं, कुणी कपडे परत हातानं धुवायला घेतं. खरं दुखणं मशीनच्या आत असतं आणि ते वरून डोकावून दिसत नाही.

घाण नेमकी कुठं साचते?

झाकण उघडल्यावर जो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम दिसतो, तो आतला टब. त्याच्या बाहेर प्लॅस्टिकचा दुसरा टब असतो, त्यात पाणी साठतं. या दोन टबांच्या मधल्या फटीत आपला हात जात नाही. कपड्यांतून निघालेला मळ, अंगाचा तेलकटपणा, सुताचे धागे आणि न विरघळलेली पावडर भोकांतून बाहेर जाते आणि त्या फटीत ड्रमच्या मागच्या बाजूला चिकटून बसते. तळाला जी चकती फिरते, तिच्या खालीही हेच होतं.

बोअरच्या पाण्यानं यात भर पडते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, ते जड पाणी. त्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. हा साका पाण्यात विरघळत नाही. कॉलर-बाह्यांना साबणाची वडी घासून कपडे तसेच मशीनमध्ये टाकले तर साका जास्त होतो. धुणं झाल्यावर झाकण बंद ठेवलं की आत ओल राहते, त्या साक्यावर बुरशी वाढते आणि थर काळा पडतो. पुढं कधी तरी कपड्यांच्या घुसळणीत त्याचे तुकडे सुटतात आणि कपड्यांवर येऊन बसतात.

आधी खात्री करा

एक कण पांढऱ्या कागदावर घेऊन बोटानं चोळा. तो मऊ असून पसरला आणि कुबट वास आला, तर हाच साका. कपड्यांवर तेलाचे डाग पडत असतील आणि पिळताना मशीन घरघर आवाज करत असेल, तर खालचं बेअरिंग किंवा सील गेलेलं असू शकतं. तुकडे रबरासारखे ताणले जात असतील, तर आतला रबरी भाग झिजतोय. तांबूस डाग असतील तर ते पाण्यातल्या लोहाचे किंवा गंजाचे. या तिन्हीवर साफसफाईचा उपाय चालत नाही. बेअरिंग आणि रबराला मेकॅनिकच लागतो.

एक उदाहरण

पाच माणसांचं घर धरू. साडेसहा किलोची फुल ऑटोमॅटिक मशीन, बोअरचं पाणी, तीन वर्षांचा वापर. मुलांच्या शाळेच्या शर्टावर काळे कण दिसायला लागलेत. बाजारात मशीन साफ करायची पावडर मिळते, ती आणली तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणं वापरावी. ती नसेल तर किराणा दुकानातल्या दोन वस्तू पुरतात: लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, १०० ग्रॅम आणि धुण्याचा सोडा १०० ग्रॅम. खाण्याचा सोडा इथं उपयोगाचा नाही.

सुरुवात जाळीपासून करायची. ड्रमच्या आत कडेला धागे गोळा करणारी जाळी किंवा पिशवी असते. ती काढून उलटी करून धुवा. पावडर टाकायचा कप्पा निघत असेल तर तोही धुवा. ड्रमच्या वरच्या कडेखाली जुना टूथब्रश फिरवा. थराचा पहिला पुरावा बहुतेक वेळा इथंच सापडतो.

मग गरम पाणी. बंबातलं उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, त्यानं आतले प्लॅस्टिकचे आणि रबराचे भाग खराब होतात. बादलीतच गार पाणी मिसळून घ्यायचं. हात बुडवता यावा, पण फार वेळ ठेववू नये, एवढं ते गरम असावं. मशीन रिकामी ठेवून पाण्याची पातळी सर्वांत वरची लावा आणि असं पाणी ओता. या आकाराच्या मशीनला साधारण तीन-चार बादल्या लागतात. पाणी कमी पडलं तर वरचा भाग भिजत नाही आणि थर तिथंच राहतो.

आता लिंबूसत टाकून पाच-सात मिनिटं वॉश चालवा, म्हणजे ते सगळीकडं पोचेल. मग मशीन थांबवून एक तास तसंच भिजू द्या. मधेच लाईट गेली तरी बिघडत नाही, बहुतेक मशीनमध्ये पाणी तसंच राहतं. तासानं परत दहा मिनिटं फिरवा. काळे पापुद्रे वर तरंगायला लागतील. ते चहाच्या जुन्या गाळणीनं काढून घ्या, नाहीतर पाणी सोडताना तेच परत भोकांत जाऊन बसतात. नंतर पाणी सोडा आणि साध्या पाण्यानं एकदा रिन्स करा.

दुसरी फेरी सोड्याची. परत तसंच गरम पाणी भरा, धुण्याचा सोडा आधी बादलीत विरघळवून ओता, फिरवा, एक तास भिजवा, परत फिरवा आणि कचरा गाळून घ्या. हाताला रबरी मोजे घाला, सोड्यानं कातडी सोलवटते. सोडा रात्रभर ठेवू नका. बऱ्याच मशीनमध्ये ड्रमखालचा आधार ॲल्युमिनियमचा असतो आणि सोडा ॲल्युमिनियमला खातो. म्हणून शेवटी दोन वेळा साधं पाणी फिरवून घ्या.

लिंबूसत आधी आणि सोडा नंतर, या क्रमाला कारण आहे. साक्यातल्या क्षाराची पकड आंबट पदार्थानं सुटते. मग उरतो तो तेलकट भाग, तो सोड्याच्या गरम पाण्यात निघतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत दोन्ही एकदम टाकून फसफस करून दाखवतात. ती फसफस दिसायला छान असते, पण त्यात आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि घाणीसाठी फारसं काही उरत नाही.

थर जुना असेल तर पहिल्या दिवशी पाणी काळंच निघेल. एक दिवस सोडून दोन्ही फेऱ्या परत करा. पाण्यात कण दिसायचे थांबले की काम झालं. त्यानंतर पहिल्या धुण्याला चांगले कपडे टाकू नका. जुने टॉवेल, फडकी टाका. सुटे राहिलेले कण त्यावर येतात. सोड्याचं पाणी परसातल्या झाडांना घालू नका, ते शोषखड्ड्यात जाऊ द्या.

या दोन चुका महागात पडतात

पहिली चूक म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड मशीनमध्ये ओतणं. त्यानं स्टीलच्या ड्रमला आणि ॲल्युमिनियमच्या भागांना कायमचा गंज धरतो. दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. बुरशी मारायला काही जण कपड्यांचं ब्लीच वापरतात. ते एकटं, पाकिटावर दिलेल्या मापात वापरलं तर चालतं. पण ब्लीचमध्ये लिंबूसत, व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड मिसळलं तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो माणसाला गुदमरवतो. ब्लीच वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, मशीन नीट धुऊन झाल्यावर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून वापरा.

एवढं करूनही कण आले तर

तीन वेळा साफ करूनही कण येत असतील, तर थर चकतीखाली घट्ट बसलेला असण्याची शक्यता आहे. चकतीच्या मधोमध एक स्क्रू असतो. प्लग काढून तो सोडवला की चकती वर उचलता येते आणि खाली धागे, केसांच्या पिना, नाणी, काळा गाळ असं सगळं सापडतं. ते ब्रशनं घासून काढायचं. पण स्क्रू गंजून बसला असेल तर जोर लावू नका, त्याचं डोकं झिजलं की मेकॅनिकलाही अवघड जातं. मशीन वॉरंटीत असेल तर चकतीला हात न लावता कंपनीच्या माणसालाच बोलवा. टब बाहेर काढून धुवायची वेळ आली तर मजुरी किती ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

दोन भांड्यांच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुवायच्या बाजूला चकतीखाली आणि पिळायच्या बाजूला जाळीच्या ड्रममागं घाण साठते. तिथंही गरम पाणी, लिंबूसत आणि नंतर सोडा हाच क्रम चालतो. धुवायच्या टबात पाणी भिजत ठेवता येतं. पिळायच्या बाजूला पाणी थांबत नाही, म्हणून तिथं तेच पाणी तांब्यानं हळूहळू ओतून ब्रश फिरवावा लागतो.

परत थर बसू नये म्हणून

धुणं झालं की झाकण उघडं ठेवा आणि आतली ओल जाऊ द्या. घरात लहान मूल असेल तर टबात पाणी शिल्लक नाही हे आधी बघा. वडी घासलेले कपडे एकदा पाण्यातून काढूनच मशीनमध्ये टाका. शेतातल्या कपड्यांची माती बाहेरच झटका. शेवटच्या रिन्सच्या पाण्यातही फेस दिसत असेल, तर पावडर जास्त होतेय, पुढच्या वेळी कमी करा. कपडे मऊ करणारं लिक्विडही मापातच घाला, त्याचा चिकटपणा ड्रमवर राहतो. जाळी दर दोन-तीन धुण्यांनंतर साफ करा. जड पाणी असलेल्या घरांनी महिन्यातून एकदा रिकामी मशीन गरम पाण्यावर फिरवावी आणि तीन महिन्यांनी एकदा लिंबूसताची फेरी करावी. मशीनवर टब क्लीनचं बटण असेल तर या फेऱ्यांसाठी तेच वापरावं. त्यात भिजवणं आणि फिरवणं मशीन आपोआप करते, फक्त कपडे आत राहिलेले नाहीत एवढं बघायचं.