पाच किलोने ताणलेली तार

शाळा-महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत छताच्या तुळईला दोन लांब पोलादी तारा शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या जी. एफ. सी. सर्ल यांच्या नावाने हे उपकरण ओळखले जाते. मोजायची असते एकाच तारेची वाढ, मग दुसरी कशाला? वजन वाढले की तुळई किंचित वाकते आणि तार न ताणताही खाली येते. शिवाय खोली एक अंश तापली तर दोन मीटर पोलादी तार सुमारे 0.024 मिलिमीटर वाढते. शेजारची तारही तेवढीच खाली येते आणि तेवढीच तापते. दोघींमधला फरक मोजला की या दोन्ही चुका आपोआप वजा होतात. तो फरक दाखवायला दोन्ही तारांच्या चौकटींवर आडवी स्पिरिट लेव्हल असते. ताणलेल्या तारेकडची बाजू खाली गेली की स्क्रू फिरवून बुडबुडा मध्यावर आणायचा आणि वाढ स्क्रूवर वाचायची.

आपली तार दोन मीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड आहे असे धरू. सुरुवातीला थोडे वजन लावून तिच्यातले बाक आणि मुरड काढून टाकायची. ते वजन हिशेबात धरायचे नाही. त्यानंतर दर किलोला तार साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. पाच किलोला वाढ होते अडीच मिलिमीटर.

पण हे आकडे या एका तारेचे झाले. तारेऐवजी पोलादाबद्दल काही सांगायचे तर जाडी आणि लांबी यांचा हिशेब करावा लागतो. पाच किलोचे बल म्हणजे 49 न्यूटन. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 0.196 चौरस मिलिमीटर. भागाकार केला की दर चौरस मिलिमीटरला 250 न्यूटन येतात, हे प्रतिबल. आणि अडीच मिलिमीटर वाढ भागिले दोन हजार मिलिमीटर मूळ लांबी, म्हणजे 0.00125, ही विकृती. प्रतिबल उभ्या अक्षावर आणि विकृती आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढला की सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे 250 भागिले 0.00125, अर्थात दर चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटन. हाच पोलादाचा यंग गुणांक. तार जाड घ्या की बारीक, हा चढ तोच राहतो. फक्त अक्ष उलटे घेतले तर चढही उलटा येतो, आणि ही गफलत वह्यांत वारंवार दिसते.

उत्तर चुकले तर बहुतेक विद्यार्थी बुडबुड्याला दोष देतात. खरा दोष बहुधा जाडीच्या मापात असतो. अर्ध्या मिलिमीटरमध्ये 0.01 मिलिमीटर चुकले तर ती दोन टक्के चूक. क्षेत्रफळात जाडीचा वर्ग येत असल्याने तिथे ती चार टक्के होते आणि गुणांकातही तशीच उतरते. म्हणून तारेची जाडी अनेक ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी.

आता रेषेखालच्या त्रिकोणाकडे पाहा. मला हा भाग चढापेक्षाही मोलाचा वाटतो. त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे तारेच्या दर एकक घनफळात साठलेली ऊर्जा. पूर्ण तारेचा हिशेब सोपा आहे: निम्मे गुणिले 49 न्यूटन गुणिले 0.0025 मीटर, म्हणजे सुमारे 0.061 ज्यूल. निम्मे का? कारण तारेचा ताण शून्यापासून हळूहळू 49 न्यूटनपर्यंत चढला. सुरुवातीपासून तो पूर्ण नव्हता. मात्र खाली येताना वजनाने गमावलेली ऊर्जा याच्या दुप्पट आहे. उरलेली निम्मी वजन सावकाश सोडणाऱ्या हाताने झेललेली असते.

हात एकदम काढून घेतला तर ती निम्मी ऊर्जा वजनाच्या गतीत जाते. वजन अडीच मिलिमीटरवर न थांबता पाच मिलिमीटरपर्यंत उतरते आणि मग वरखाली झुलू लागते. त्या एका क्षणी प्रतिबल दुप्पट, दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन होते. मऊ पोलादाची तार एवढ्याने कायमची लांबते, जरी तेच वजन सावकाश लावल्यावर तिने सहज पेलले असते.

तार लांबली की नाही, हे वजने एकेक करून उतरवताना कळते. चढताना आणि उतरताना घेतलेली मापे जुळली तर तार मर्यादेत आहे. मर्यादा ओलांडली असेल तर परतीची रेषा मूळ रेषेला समांतर, पण उजवीकडे सरकलेली येते, आणि वजन शून्य झाले तरी थोडी वाढ उरते. परत मिळते ती ऊर्जा फक्त या परतीच्या रेषेखालच्या त्रिकोणाएवढी. दोन रेषांमध्ये अडकलेल्या क्षेत्रफळाएवढी ऊर्जा धातूची अंतर्रचना सरकवण्यात खर्ची पडते आणि बहुतेक उष्णता होऊन जाते. म्हणून प्रयोग करणाऱ्यांनी वजने चढवतानाची मापे घेऊन वही मिटू नये. उतरवतानाची मापेही त्याच आलेखावर मांडावीत.