नळीवरची वेळ

सकाळी आठच्या सुमारास रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वॉर्डांतून रक्ताच्या नळ्यांचे ट्रे एकामागून एक येऊ लागतात. तंत्रज्ञ आधी अपघात विभाग आणि अतिदक्षता विभागाचे तातडीचे नमुने बाजूला काढतो, मग वॉर्डांचे, शेवटी बाह्यरुग्णांचे. पण क्रम लावताना रक्त कधी काढलं हेही तो पाहतो, कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात. त्या साखर वापरत राहतात. साध्या नळीत साखर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घटते. पेशींपासून सीरम वेळेत वेगळं केलं नाही, तर पोटॅशियमही बाहेर झिरपतं.

समजा, वॉर्डातल्या एका रुग्णाचं पोटॅशियम ६.४ आलं. हा आकडा हृदयासाठी धोक्याचा. नोंदवहीत रक्त काढल्याची वेळ ५:४०, नमुना पोहोचल्याची ९:१०. म्हणजे नळी साडेतीन तास तशीच पडून होती. तंत्रज्ञ लगेच डॉक्टरांना फोन करून उशीर सांगतो, नवा नमुना मागवतो, तो ताबडतोब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. आता उत्तर येतं ४.३. आधीच्या आकड्यावर विसंबून औषध दिलं असतं, तर पोटॅशियम नको इतकं खाली गेलं असतं.

म्हणून काढल्याची, पोहोचल्याची आणि तपासल्याची वेळ वेगवेगळी लिहितात. काढल्याची वेळ नसेल, तर अंदाजाने न भरता वॉर्डला विचारतात. तुमचं रक्त काढलं की नाव आणि वेळ तिथेच नोंदवली ना, हे जरूर विचारा.