हिमोग्लोबिन ठीक, तरी बाळाची रात्र अस्वस्थ

एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये शरीरातले लोह कमी पडले की त्याचा परिणाम रक्ताआधी झोपेवर दिसू शकतो. मूल झोपते, पण अंथरुणभर फिरत राहते. पाय आपटते, पाय एकमेकांवर घासते, पांघरूण लाथाडते, मध्येच रडत उठते आणि पाय चोळून दिले की शांत होते. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या एका विकराला लोहाची गरज असते आणि हालचालींवरचे नियंत्रण बऱ्याच अंशी डोपामिनवर अवलंबून असते. पायांतली अस्वस्थता संध्याकाळी आणि रात्री वाढते. मोठी माणसे ‘पायांत कसेसेच होते’ असे सांगू शकतात. दीड वर्षाच्या मुलाला ते सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांना पालकांच्या निरीक्षणावर विसंबावे लागते.

जन्माच्या वेळी मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. नंतर आहारातून लोह मिळाले नाही तर तूट सुरू होते. अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळे आणि गरोदरपणी ॲनिमिया असलेल्या आईची मुले यांचा साठा मुळातच कमी असतो. त्यात भर पडते दुधाची. गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी थोडे असते, आणि दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारे मूल जेवायला तोंड उघडत नाही. म्हणून ‘दूध किती पितो?’ हा डॉक्टरांचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. माती, खडू, भिंतीचा चुना खाण्याची सवयही विचारली जाते.

झोप मोडण्याची इतर कारणेही डॉक्टर आधी तपासतात. घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे असेल तर ॲडेनॉइड्सकडे लक्ष जाते. इसब, कानदुखी, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे जंत हीही नेहमीची कारणे आहेत. मूल झोपेत हालचाल करताना मोबाइलवर घेतलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो.

रक्ततपासणीत केवळ हिमोग्लोबिन पाहून थांबणे ही नेहमी होणारी चूक. लोह कमी होताना आधी साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरते. साठा मोजणारी चाचणी म्हणजे फेरिटिन. पाच वर्षांखालील निरोगी मुलात ते १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार लोहाची कमतरता ठरते. मात्र सर्दी-तापात फेरिटिन वाढते आणि रिकामा साठाही भरलेला भासतो. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची चाचणी करतात, किंवा मूल बरे झाल्यावर काही आठवड्यांनी रक्त घेतात. संसर्ग असतानाच अहवाल वाचायची वेळ आली तर १२ ऐवजी ३० ची मर्यादा धरली जाते.

समजा, वीस महिन्यांचे, दहा किलो वजनाचे मूल आहे. हिमोग्लोबिन ११.३, म्हणजे या वयाच्या १०.५ या मर्यादेच्या वर, ॲनिमिया नाही. पण लाल पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, ६९ आहे, म्हणजे पेशी लहान आहेत. लाल पेशींची संख्या ४.६ दशलक्ष. ६९ ला ४.६ ने भागले की १५ येतात. हा आकडा १३ च्या वर असला की कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असला की थॅलेसेमियाच्या वाहकतेकडे. हा केवळ अंदाज, शंका असल्यास वेगळी चाचणी लागते. फेरिटिन ९ आणि सीआरपी सामान्य. निदान झाले: ॲनिमिया नसलेली लोहाची कमतरता.

फेरिटिन १२ च्या वर पण ५० च्या खाली असेल तर प्रश्न अवघड होतो. पायांच्या अस्वस्थतेची लक्षणे स्पष्ट असल्यास झोपेचे तज्ज्ञ ५० च्या खालीही लोह देण्याचा विचार करतात. पण या वयातल्या धडधाकट मुलांचेही फेरिटिन बरेचदा ५० पेक्षा कमी असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून झोपेचे खापर लोहावर फोडता येत नाही.

उपचारात साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम लोह देतात. वरच्या मुलाला ३० मिलिग्रॅम. सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये किती लोह आहे हे ब्रँडप्रमाणे बदलते, म्हणून चमच्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे. औषध दुधासोबत देऊ नये. शौच काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. गूळ-खजुराने रिकामा साठा भरून निघत नाही.

तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासतात. ते वाढूनही झोप तशीच राहिली तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. लोहाच्या बाटलीचे झाकण मात्र घट्ट लावून ती मुलाच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवावी. लहान मुलाने जास्त प्रमाणात घेतलेले लोह विषारी ठरते.