विश्लेषण : पहाटे एकदाच दाखवलेल्या व्हिडीओने ‘गन्स अँड रोझेस’चे नशीब कसे पालटले?

‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा रॉक इतिहासातील सर्वाधिक खपलेल्या पदार्पणाच्या अल्बमपैकी एक. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ८० लाख प्रतींची नोंद आहे. मात्र जुलै १९८७ मध्ये तो बाजारात आला, तेव्हा त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ‘बिलबोर्ड’च्या अल्बम यादीत त्याने प्रवेश केला तो १८२व्या स्थानावर. पहिल्या क्रमांकावर पोहोचायला त्याला ऑगस्ट १९८८ उजाडावा लागला. गाणी तीच होती, वादकही तेच होते. मग वर्षभरात नेमके काय बदलले?

रेडिओवर गाणे लागणे इतके अवघड का होते?

त्या काळी अमेरिकेतील हिट गाण्यांची रेडिओ केंद्रे एका आठवड्यात जेमतेम काही डझन गाणीच फिरवत असत. ही यादी केंद्राचा प्रोग्राम डायरेक्टर ठरवी. नव्या गाण्याने श्रोता केंद्र बदलेल आणि जाहिरातींचे उत्पन्न घटेल, ही त्याची भीती. त्यामुळे आठवड्याला मोजक्याच नव्या गाण्यांना जागा मिळे. ती जागा मिळवण्यासाठी रेकॉर्ड कंपन्या ‘इंडिपेंडंट प्रमोटर’ नावाच्या मध्यस्थांना पैसे मोजत. श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणे वाजवणे १९६० पासून अमेरिकेत गुन्हा आहे. मध्यस्थ नेमला की कंपनीचा केंद्राशी थेट व्यवहार दिसत नसे.

यात आणखी एक मेख होती. ‘बिलबोर्ड’ची ‘हॉट १००’ यादी विक्री आणि रेडिओवरील वाजणे या दोन्हींवरून तयार होई. कोणते गाणे किती वाजवले, हे केंद्रे स्वतःच कळवत. म्हणजे गाणे वाजले की ते यादीत चढणार आणि यादीत चढले की इतर केंद्रेही ते वाजवणार. या चक्रात ज्याला शिरता आले नाही, तो बाहेरच राही.

मग एमटीव्हीने काय केले?

१ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्हीमुळे दुसरे दार उघडले. पण तिथेही व्हिडीओंची प्रतवारी होती. ‘हेवी रोटेशन’मधला व्हिडीओ दिवसातून अनेकदा दिसे, खालच्या गटातला क्वचितच. ‘गन्स अँड रोझेस’च्या ‘वेलकम टू द जंगल’ला सुरुवातीला यातली कोणतीच जागा मिळाली नाही. बँडची प्रतिमा आणि व्हिडीओतील हिंसक दृश्ये वाहिनीला जोखमीची वाटत होती.

बँडला करारबद्ध करणारे टॉम झुटाउट यांनी अखेर कंपनीचे मालक डेव्हिड गेफन यांना गळ घातली. गेफन यांनी एमटीव्हीकडे शब्द टाकला आणि व्हिडीओ एकदा दाखवण्याचे ठरले, तेही रविवारी पहाटे. झुटाउट यांनी नंतर सांगितल्यानुसार, त्या वेळीही वाहिनीकडे फोनचा ओघ सुरू झाला. मागणी दिसताच व्हिडीओ नियमित दाखवला जाऊ लागला आणि अल्बमची विक्री वाढत गेली.

तरीही रेडिओची गरज का पडली?

एमटीव्ही केबल असलेल्या घरांपुरती होती. रेडिओ गाडीत, दुकानात, कारखान्यात सगळीकडे पोहोचे. ‘जंगल’ त्याच्यासाठी फार आक्रमक होते. म्हणून १९८८च्या उन्हाळ्यात ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ हे हळुवार सुरुवातीचे गाणे पुढे करण्यात आले. मूळ गाणे जवळपास सहा मिनिटांचे. रेडिओसाठी ते कापले गेले आणि कात्री लागली ती मुख्यतः स्लॅशच्या गिटार सोलोला. बँड यावर नाराज होता, पण जितके गाणे छोटे तितकी जाहिरातींना जागा जास्त, हे रेडिओचे गणित होते. सप्टेंबर १९८८ मध्ये हे गाणे ‘हॉट १००’मध्ये पहिले आले. त्यानंतर पुन्हा बाजारात आणलेले ‘जंगल’ही सातव्या क्रमांकापर्यंत गेले. वर्षभरापूर्वी नको असलेले तेच गाणे आता रेडिओला चालू लागले होते.

या दोन दारांशिवाय कुणी मोठे झालेच नाही का?

झाले, पण वाट लांबची होती. ‘मेटॅलिका’चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) रेडिओच्या फारशा आधाराशिवाय आणि एकाही व्हिडीओशिवाय अमेरिकेत ५ लाख प्रतींच्या पुढे गेला. त्यामागे ऑझी ऑस्बर्नच्या दौऱ्यात शहरोशहरी केलेले कार्यक्रम होते. तरी या बँडनेही १९८९ मध्ये ‘वन’चा पहिला व्हिडीओ केलाच.

श्रोत्यांनी ‘जंगल’ला दाद दिली, हे खरेच, पण त्यांना ते ऐकायला मिळाले ते गेफन यांच्या एका शब्दामुळे. ज्यांच्यासाठी शब्द टाकणारे कुणी नव्हते, अशा बँडना श्रोत्यांची पसंती आजमावण्याची संधीच मिळाली नाही.