अधिक की उणे? डॉप्लरच्या सूत्रातली चिन्हं

रस्त्यावर तुम्ही दुचाकीने सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालला आहात. मागून त्याच दिशेने रुग्णवाहिका सेकंदाला २० मीटर वेगाने येते आहे. तिचा सायरन एका ठरावीक क्षणी ६४० हर्ट्झचा स्वर देतो आहे आणि हवेत ध्वनीचा वेग ३४० मीटर आहे असं धरू. तुमच्या कानाला किती हर्ट्झ ऐकू येतील?

सूत्र असं आहे:

f' = f × (v ± vo) / (v ∓ vs)

यात v ध्वनीचा वेग, vo ऐकणाऱ्याचा आणि vs स्रोताचा. बरेच विद्यार्थी इथे ‘अंतर कमी होतंय, म्हणजे दोघं जवळ येताहेत’ असं म्हणून अंशात अधिक आणि छेदात उणे घालतात. उत्तर येतं ७०० हर्ट्झ, आणि ते चूक आहे.

सूत्र क्षणभर बाजूला ठेवून हवेत काय होतं ते पाहू. सायरन सेकंदाला ६४० लहरी सोडतो. तेवढ्या वेळात पहिली लहर ३४० मीटर पुढे जाते, पण गाडीही तिच्यामागून २० मीटर येते. त्यामुळे ६४० लहरींना उरलेल्या ३२० मीटरांतच मावावं लागतं. प्रत्येक लहर अर्ध्या मीटरची होते. गाडी उभी असती तर ती साधारण ५३ सेंटिमीटरची असती. स्रोताच्या हालचालीने लहरीची लांबीच बदलते, म्हणून त्याचा वेग छेदात येतो.

तुमच्या हालचालीने हवेतली लहर बदलत नाही. तुम्ही तिच्यापुढे पळता आहात, म्हणून ती तुम्हाला सेकंदाला ३३० मीटर वेगानेच गाठते. ३३० मीटरांत अर्ध्या मीटरच्या ६६० लहरी बसतात. उत्तर ६६० हर्ट्झ. ऐकणाऱ्याचा वेग अंशात येतो तो यामुळे.

म्हणून चिन्हं ठरवताना दोघांमधलं अंतर पाहू नये. एकाला मनात थांबवून फक्त दुसऱ्याचं तोंड कुठे आहे ते पाहावं. ऐकणारा स्रोताकडे जात असेल तर अंशात अधिक, दूर जात असेल तर उणे. स्रोत ऐकणाऱ्याकडे येत असेल तर छेदात उणे, दूर जात असेल तर अधिक.

गाडी तुम्हाला ओलांडून गेली की दोन्ही चिन्हं उलटतात. आता ती तुमच्यापासून दूर जाते आहे, तुम्ही मात्र तिच्याकडे. ६४० ला ३५० ने गुणून ३६० ने भागलं की सुमारे ६२२ हर्ट्झ मिळतात. तुम्ही तिच्या दिशेने जात असूनही स्वर मूळ स्वराखाली राहतो, कारण तिचा वेग जास्त आहे.

उत्तर तपासायचं असेल तर दोघांचा वेग सारखा धरून पाहावा. दोघेही एकाच दिशेने २० मीटरने चालले असतील, तर अंश आणि छेद दोन्ही ३२० होतात आणि स्वर ६४० च राहतो. ७०० वाल्या मांडणीत मात्र इथेही स्वर वाढलेला दिसतो, आणि चूक तिथेच उघडी पडते.