डाव्या कानात प्रश्न, उजव्या कानात उत्तर

हेडफोन लावून एखादी मुलाखत ऐकताना प्रश्न फक्त डाव्या कानात आणि उत्तरं फक्त उजव्या कानात येत असतील, तर रेकॉर्डिंग बिघडलंय असं समजू नका. बहुधा ते नीट विचार करूनच केलेलं असतं. दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावले, एक माइक रेकॉर्डरच्या पहिल्या इनपुटला आणि दुसरा दुसऱ्या इनपुटला जोडला, की एकाच फाइलमध्ये दोन आवाज स्वतंत्र साठतात. याला ‘ड्युअल मोनो’ म्हणतात. चूक पुढे होते. ती फाइल तशीच स्टिरिओ म्हणून प्रसिद्ध झाली, की एकच इअरबड लावून ऐकणाऱ्याला प्रश्न ऐकू येतात आणि उत्तरं गायब असतात.

अशी फाइल ओळखणं सोपं आहे. खऱ्या स्टिरिओत मीटरच्या दोन्ही पट्ट्या साधारण एकत्र हलतात; इथे एक उसळते तेव्हा दुसरी खाली असते, आणि बोलणारा बदलला की उलट होतं. ही खूण पाहिल्याशिवाय पुढचं काही करू नये. कारण काही कॅमेरे एकाच माइकचा आवाज दुसऱ्या चॅनेलवर मुद्दाम हळू पातळीवर घेतात, आवाज फाटला तर हाताशी असावा म्हणून. तिथे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी हलतात, फक्त एक ठेंगणी असते. तो दुसरा माणूस नव्हे.

आता मांडणी. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूमधून Split Stereo to Mono निवडलं, की दोन वेगळे ट्रॅक मिळतात आणि दोन्ही मध्यभागी, म्हणजे दोन्ही कानांत, वाजतात. त्याच मेनूतलं Split Stereo Track ट्रॅक वेगळे करतं खरं, पण डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडेच ठेवतं. प्रीमियरमध्ये क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी Modify मधल्या Audio Channels मध्ये जाऊन ती Mono करावी. आधीच टाकलेल्या क्लिपना हा बदल लागू होत नाही. तिथलाच Fill Right with Left हा इफेक्ट एकाच माइकच्या रेकॉर्डिंगसाठी छान आहे. इथे वापरला, तर उजव्या चॅनेलवरचा माणूस पुसला जातो.

दोन्ही आवाज मध्यभागी आले, की खरं काम सुरू होतं. समजा, मुलाखतकाराचा माइक त्यांच्या तोंडापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि पाहुण्यांचा माइक त्यांच्यापासून १ मीटरवर. अंतर पाचपट, त्यामुळे मुलाखतकाराचा आवाज पाहुण्यांच्या माइकमध्ये सुमारे १४ डेसिबल हळू पोचतो, आणि अडीच मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा. एवढा हळू असेपर्यंत तो फारसा खटकत नाही. पण पाहुणे हळू बोलतात म्हणून त्यांचा ट्रॅक आपण १० डेसिबल वाढवतो. त्याबरोबर त्यातला मुलाखतकाराचा उशिरा आलेला आवाजही वाढतो आणि मूळ आवाजापेक्षा जेमतेम ४ डेसिबल खाली राहतो. हे दोन आवाज मिसळले, की सुमारे २१५ हर्ट्झ, मग ६४० हर्ट्झ अशा ठरावीक अंतराने काही स्वर खचतात आणि मधले फुगतात. मुलाखतकार रिकाम्या खोलीतून बोलल्यासारखा पोकळ ऐकू येतो. बदल केला पाहुण्यांच्या ट्रॅकवर, आणि बिघडला दुसऱ्याचाच आवाज! म्हणून कारण चटकन सापडत नाही. सापडवायची रीत अशी: मुलाखतकार बोलत असताना पाहुण्यांचा ट्रॅक म्यूट करून पाहा. आवाज लगेच भरीव झाला, तर दोष तिथेच आहे.

इलाजही त्यातूनच निघतो. जो बोलत नाही, त्याचा ट्रॅक तेवढ्या वेळापुरता १० ते १२ डेसिबल खाली आणायचा. पूर्ण बंद केला, तर त्या माइकमधून येणारी पंख्याची घरघर, रस्त्याचा आवाज प्रत्येक वाक्याला येतो-जातो आणि कानाला कापाकापी जाणवते. चढ-उतारही एकदम न करता थोडा उतार देऊन करावा. पाहुण्यांचं मध्येच आलेलं “हो ना” किंवा हसणं यात दबून जाणार नाही, हे मात्र हातानेच बघावं लागतं. मला तरी यासाठी पूर्ण मुलाखत एकदा सलग ऐकण्याला पर्याय वाटत नाही. दोघं एकदम बोलतात तिथे दोन्ही ट्रॅक वरच ठेवावेत आणि थोडा पोकळपणा सोसावा.

हे सगळं शक्य होतं, कारण आवाज शेवटपर्यंत वेगळे राहिले. मूळ फाइल म्हणूनच कधी पुसू नये; एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा इतके स्वच्छ वेगळे होत नाहीत. दोन माइकच्या अनेक वायरलेस संचांत रिसीव्हरवर Mono आणि Stereo असे दोन पर्याय असतात. Mono वर असताना दोन्ही माइक तिथल्या तिथे मिसळूनच कॅमेऱ्यात जातात. मुलाखतीआधी रिसीव्हर Stereo वर ठेवून एकेकाला आपलं नाव सांगायला लावावं आणि हेडफोनवर कोण कोणत्या कानात येतंय ते ऐकून वहीत लिहून ठेवावं.